‘माइन’ की ‘आइन’? जर्मनीत आपल्या माणसाची ओळख करून देताना

जर्मनच्या अगदी पहिल्या वर्गात ‘फ्रॉइंट’ म्हणजे मित्र आणि ‘फ्रॉइंडिन’ म्हणजे मैत्रीण असं शिकवतात. ते खरं आहे, पण अर्धंच. हेच दोन शब्द जर्मन माणूस बॉयफ्रेंड आणि गर्लफ्रेंडसाठीही वापरतो. त्यामुळे वर्गातली मैत्रीण रस्त्यात भेटली, बरोबर ऑफिसातला सहकारी असला आणि आपण मनातल्या मराठीवरून ‘दास इस्ट माइनं फ्रॉइंडिन’ असं म्हणून मोकळे झालो, की ‘ही माझी मैत्रीण’ एवढंच सांगून आपण थांबलेलो नसतो. ‘आमचं जमलंय’ असं जाहीर करून बसलेलो असतो. तिचा नवरा शेजारी उभा असेल तर पुढचा प्रसंग ज्याचा त्याने कल्पावा.

शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत नुकतेच आलेल्यांसाठी हे टिपण आहे. शब्द देवनागरीत दिले आहेत, त्यामुळे उच्चार जवळपासचे समजा; नेमके उच्चार कानांनीच शिकावे लागतात. भर जर्मनवर आहे, कारण तिथे एका छोट्या शब्दावर सगळं फिरतं आणि कोणतं नातं सांगितलं यावर सरकारी दारात काय मिळेल हेही ठरतं. फ्रान्स आणि स्वीडनकडे शेवटी थोडं वळू.

पहिली पायरी: आधी त्या व्यक्तीला विचारा

जर्मन तरुणांमध्ये नात्याचा एक ठळक टप्पा असतो आणि त्याला ‘त्सुझामन’ म्हणतात, म्हणजे एकत्र. ‘विअर झिंट त्सुझामन’, आम्ही एकत्र आहोत, हे वाक्य दोघांनी एकमेकांशी बोलून पक्कं केल्यावरच बाहेर बोललं जातं. चार वेळा कॉफी झाली, सिनेमा झाला, एकमेकांच्या घरी राहणंही झालं, तरी ते आपोआप ‘त्सुझामन’ होत नाही. आपल्याकडे ‘त्यांचं काहीतरी आहे’ हे आधी जग ठरवतं आणि मग त्या दोघांना कळतं. इथे उलटा क्रम आहे आणि तो पाळलेला बरा. बोलणं व्हायच्या आत तुम्ही चारचौघांत ‘माइनं फ्रॉइंडिन’ म्हणालात, तर तिच्या वतीने तुम्हीच निर्णय देऊन टाकला असं होतं.

तोवर काय म्हणायचं? फक्त नाव. ‘दास इस्ट लेना’, बस. नुसत्या नावाने ओळख करून देणं जर्मनीत पूर्ण सभ्य मानतात. समोरचा ‘म्हणजे तुमची कोण?’ असं सहसा विचारत नाही. आपल्याला ती जागा रिकामी वाटते आणि ती भरायची घाई होते. ती घाई आवरा.

विचारून घेण्याचं आणखी एक कारण आहे. तुम्ही दिलेलं नाव प्रवास करतं. श्टुटगार्टच्या पार्टीत उच्चारलेला शब्द एखाद्या फोटोखालच्या ओळीतून दुसऱ्या दिवशी साताऱ्यात पोचू शकतो. दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असतील तर हे फारच जपावं लागतं. जर्मन सहकाऱ्यांना जे सहज सांगता येतं, ते घरच्यांना अजून सांगितलेलं नसण्याची शक्यता असते. कोणापुढे कोणता शब्द चालेल, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

दुसरी पायरी: ‘माइन’ आणि ‘आइन’ वेगळे ठेवा

नियम सांगायला सोपा आहे. ‘माइन फ्रॉइंट’, म्हणजे शब्दशः माझा मित्र, हे एकवचनात आणि पुढे-मागे काही न जोडता म्हटलं की ऐकणारा बॉयफ्रेंड समजतो. ‘आइन फ्रॉइंट फॉन मिअर’, माझ्या मित्रांपैकी एक, म्हटलं की साधा मित्र. बाईबद्दल बोलताना ‘माइनं फ्रॉइंडिन’ आणि ‘आइनं फ्रॉइंडिन फॉन मिअर’. मराठीत ‘माझी मैत्रीण’ आणि ‘माझी एक मैत्रीण’ यांत इतकं अंतर नाही. ‘एक’ घातल्याने कोणाचे कान टवकारत नाहीत. जर्मनमध्ये त्या ‘एक’वरच सगळी भिस्त आहे.

नियमाला पळवाटा आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. अनेकवचनात धोका नाही: ‘माइनं फ्रॉइंडं’ म्हणजे माझे मित्रमंडळ. विशेषण लावलं तर अर्थ बहुधा मैत्रीकडे वळतो: ‘माइन बेस्टर फ्रॉइंट’ हा जिवलग मित्र. पण ‘फेस्ट’, म्हणजे पक्का, हे विशेषण त्याला अपवाद. ‘फेस्टं फ्रॉइंडिन’ ही निःसंशय गर्लफ्रेंड. वयस्कर बायका आपल्या मैत्रिणीला सर्रास ‘माइनं फ्रॉइंडिन’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण वय आणि प्रसंग अर्थ सांगून जातात. तरुण बाई तेच म्हणाली तर मात्र जर्मन माणूसही क्षणभर घोटाळतो. तेव्हा आपल्याला चटकन कळलं नाही तर ते भाषा कच्ची असल्यामुळेच असं समजू नका.

एक गोष्ट मला वर्गात शिकवायला हवी होती असं वाटतं: मैत्री सांगायला जर्मन लोक नामापेक्षा विशेषण जास्त आवडीने वापरतात. ‘विअर झिंट बफ्रॉइंडेट’, आमची मैत्री आहे. यात स्त्री-पुरुष, माझा-एक, कसलाच गुंता नाही. नवशिक्याने हे वाक्य पाठच करून ठेवावं.

आपली चूक झाली हे ओळखायचं कसं? जर्मन माणूस दचकलेला दिसणार नाही. तो हसेल, दोघांकडे आळीपाळीने बघेल आणि विचारेल, ‘झाइट वान झाइट ईअर त्सुझामन?’ तुम्ही कधीपासून एकत्र आहात? हा प्रश्न आला की आपण प्रेमप्रकरण जाहीर केलंय हे पक्कं समजा. उत्तर: ‘नाइन, विअर झिंट नुअर बफ्रॉइंडेट’, नाही हो, फक्त मैत्री आहे. लगेच सांगा. ‘जाऊ दे, काय फरक पडतो’ म्हणून सोडलेली गोष्ट पुढच्या आमंत्रणावर तुमच्या दोघांची नावं जोडीने छापून परत येते.

सहकारी, फ्लॅटमधला सोबती किंवा नुसता ओळखीचा माणूस यांना ‘फ्रॉइंट’ म्हणू नका. सहकारी तो ‘कोलेगं’, घर वाटून राहणारा ‘मिटबवोनर’, तोंडओळखीचा ‘बकांटर’. आपण मराठीत कोणालाही मित्र करून टाकतो. जर्मन माणूस त्या शब्दाबाबत कंजूष आहे. दोन भेटींच्या ओळखीवर ‘फ्रॉइंट’ म्हटलं तर त्याला ते जड वाटतं, आणि ‘माइन’ जोडलं तर काय होतं ते वर आलंच आहे.

तिसरी पायरी: नात्याची पातळी निवडा

‘फ्रॉइंडिन’ला वयाची मर्यादा नाही, पण वय वाढलं की हा शब्द काहींना तोकडा वाटू लागतो. पन्नाशीचा माणूस दहा वर्षं एकत्र राहिलेल्या बाईला ‘माइनं फ्रॉइंडिन’ म्हणताना अडखळतो. मग तो ‘पार्टनरिन’ म्हणतो. हा शब्द व्यवहारी आणि सगळीकडे चालणारा, थोडा कोरडा. दुसरा शब्द ‘लेबेन्सगफेर्टिन’, पुरुषासाठी ‘लेबेन्सगफेर्टं’, म्हणजे जीवनातला सहप्रवासी. मराठीतल्या सहचर-सहचरीच्या जवळ जाणारा, पण आपल्या शब्दाइतका पुस्तकी नाही; वर्तमानपत्रांत आणि पत्रव्यवहारात रोज दिसतो. यातून समजतं ते असं: लग्न झालेलं नाही, पण संसार एक आहे. जर्मन मंडळी थट्टेने यातच एक पाचर मारतात आणि ‘लेबेन्सआबश्निट्सगफेर्टं’ म्हणतात, म्हणजे आयुष्याच्या तेवढ्या टप्प्यापुरता सहप्रवासी. ऐकून हसा, पण स्वतः कोणाची ओळख करून देताना वापरू नका.

‘लेबेन्सपार्टनर’ जरा सांभाळून. बोलताना लोक तो ‘पार्टनर’ याच अर्थी वापरतात, पण कायद्यात त्याला वेगळा अर्थ आहे. समलिंगी जोडप्यांसाठी जर्मनीने 2001 साली नोंदणीकृत सहजीवनाची सोय केली आणि अशा नोंदणीतल्या जोडीदाराला कायद्याने हे नाव दिलं. 1 ऑक्टोबर 2017 पासून विवाहच सर्वांना खुला झाला आणि नवीन नोंदण्या बंद झाल्या. जुन्या नोंदण्या ज्यांनी विवाहात बदलून घेतल्या नाहीत, ते आजही कागदावर ‘लेबेन्सपार्टनर’ आहेत. म्हणून फॉर्मवर या शब्दापुढे खूण करण्याआधी थांबा. तुम्ही नुसते एकत्र राहत असाल तर ती तुमची जागा नव्हे.

साखरपुडा झालेल्यांना ‘फेअरलोब्ट’ हा शब्द आहे. ओळख करून देताना ‘माइनं फेअरलोब्टं’ किंवा ‘माइन फेअरलोब्टर’. आपल्याकडे साखरपुडा म्हणजे दोन घरांचा सोहळा, पेढे, फोटो. जर्मन कायद्याला त्यातलं काहीच लागत नाही. दोघांनी एकमेकांना लग्नाचं गंभीर वचन दिलं की झालं. मात्र त्या वचनाच्या बळावर लग्न लावून द्या म्हणून कोर्टात जाता येत नाही. आणि गंमत अशी की या शब्दाला फौजदारी कोर्टात वजन आहे. आरोपीविरुद्ध साक्ष द्यायला नकार देण्याचा हक्क नवरा-बायकोला आहे, वाग्दत्तालाही आहे, पण वीस वर्षं एकत्र राहणाऱ्या ‘लेबेन्सगफेर्टिन’ला केवळ त्या नात्यावर नाही.

चौथी पायरी: लग्न झालेल्यांचे शब्द

हे सर्वांत सोपं आणि त्यामुळेच इथे घाई होते. ‘मान’ म्हणजे पुरुष, ‘फ्राउ’ म्हणजे स्त्री. ‘माइन मान’ म्हणजे माझा नवरा, ‘माइनं फ्राउ’ म्हणजे माझी बायको. इथेही ‘माइन’च काम करतो. तो गाळून ‘दास इस्ट फ्राउ कुलकर्णी’ म्हटलंत तर ‘या कुलकर्णी बाई’ एवढाच अर्थ होतो आणि आडनाव एकच असलं तरी ती तुमची बायको की वहिनी, हे समोरच्याला कळत नाही.

‘एअमान’ आणि ‘एअफ्राउ’ म्हणजे विवाहित नवरा, विवाहित बायको. हे शब्द बरोबर आहेत, पण फॉर्मवर किंवा मुद्दाम स्पष्ट करायचं असेल तेव्हाच शोभतात. जेवणाच्या टेबलावर ‘माइनं एअफ्राउ’ म्हटलं तर थोडं कोर्टात उभं राहिल्यासारखं होतं.

मराठी माणूस खरा फसतो तो ‘गाटिन’वर. शब्दकोशात पत्नी, भार्या असा भारदस्त अर्थ दिसतो, आपल्याला आदरार्थी बोलायची सवय, म्हणून आपण ‘माइनं गाटिन’ म्हणायला जातो. जुन्या शिष्टाचारानुसार हा शब्द दुसऱ्याच्या बायकोसाठी राखलेला आहे: ‘आपल्या सौभाग्यवतींना नमस्कार सांगा’ या थाटात. स्वतःच्या बायकोला तो लावला तर एकतर विनोद वाटतो किंवा बढाई. आपल्याला हे परकं वाटू नये. आपल्याकडेही दुसऱ्याच्या पत्नीला ‘वहिनी’, ‘मिसेस’ म्हणतात आणि स्वतःच्या बायकोला ‘आमची ही’ किंवा ‘आमची मंडळी’. स्वतःचं ते साधं आणि दुसऱ्याचं ते मोठं, हा कल जपानीत तर शब्दांतच पक्का बसला आहे. तिथे स्वतःच्या नवऱ्याला ‘शुजिन’ म्हणतात आणि दुसरीच्या नवऱ्याला मान देऊन ‘गो-शुजिन’. ‘शुजिन’चा मूळ अर्थ मालक. आपल्या आज्या नवऱ्याला ‘मालक’ म्हणायच्या ते आठवून तिथे राहणाऱ्या मराठी बायकांना हसू येतं. ज्यांना तो शब्द रुचत नाही त्या जपानी बायका ‘ओत्तो’ हा साधा शब्द वापरतात.

पाचवी पायरी: खिडकीपलीकडच्या माणसाला काय सांगायचं

घरी-दारी शब्द तुमचा, पण कार्यालयात तो कायद्याचा. नगरपालिकेच्या फॉर्मवर ‘फामिलियनश्टांट’ असा रकाना असतो, म्हणजे वैवाहिक स्थिती. त्यात मुख्य पर्याय चार: अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा वा विधुर. ‘आमचं पक्कं आहे’ याला तिथे जागा नाही. पाच वर्षं एकत्र राहणारं जोडपं कागदावर दोन अविवाहित माणसंच असतात. भावनेने ‘विवाहित’वर खूण करू नका, कर, विमा आणि निवास परवाना ही सगळी साखळी त्या एका खुणेला जोडलेली आहे.

फरक कुठे पडतो याची तीन उदाहरणं पुरेत. सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या नवऱ्याला वा बायकोला जोडीदाराच्या विम्यात जादा हप्ता न भरता सामावून घेता येतं, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडला नाही. कुटुंबाच्या नावाखाली व्हिसा मागताना पत्नीला किंवा पतीला तो मार्ग आहे. ‘आम्ही त्सुझामन आहोत’ एवढ्यावर तो उघडत नाही. आणि इस्पितळ. 1 जानेवारी 2023 पासून जर्मनीत एक कलम लागू आहे: एक जोडीदार आजारपणामुळे निर्णय घेऊ शकत नसेल, तर दुसरा त्याच्या उपचाराबाबत जास्तीत जास्त सहा महिने निर्णय घेऊ शकतो. पण दुसरा म्हणजे लग्नाचा जोडीदार. अविवाहितांनी यासाठी आधीच एक लेखी मुखत्यारपत्र करून ठेवायचं असतं, त्याला ‘फोअरझॉर्गंफोलमाख्ट’ म्हणतात. शब्द लांब असला तरी कागद दोन-चार पानांचा असतो. एकत्र राहायला लागल्यावर पडदे आणण्याआधी हा कागद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरमालकाची गोष्ट थोडी वेगळी. भाड्याच्या घरात नवऱ्याला किंवा बायकोला आणायला परवानगी लागत नाही, कळवणं पुरतं. लग्न न झालेल्या जोडीदाराला कायमचं राहायला आणायचं तर घरमालकाची परवानगी मागावी लागते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2003 साली हे स्पष्ट केलं, आणि हेही की साधारणपणे ती परवानगी मिळण्याचा भाडेकरूला हक्क असतो. म्हणून त्या पत्रात ‘माइनं फ्रॉइंडिन’ लिहू नका. त्यावरून ती आठवडाभर राहायला आलेली पाहुणी आहे की घरात नांदायला आलेली, हे कळत नाही. ‘माइनं लेबेन्सगफेर्टिन’ लिहा, तिचं पूर्ण नाव आणि कोणत्या तारखेपासून ते लिहा.

सहावी पायरी: एकच जोडपं, चार ओळखी

समजा, नाशिकचा अनिरुद्ध श्टुटगार्टला नोकरी करतो. लेनाशी त्याची ओळख होऊन दीड वर्ष झालं, गेल्या चार महिन्यांपासून दोघे एका घरात राहतात. लग्नाचं बोलणं आहे, ठरलेलं नाही.

ऑफिसच्या उन्हाळी मेळाव्यात तो तिला घेऊन जातो. ‘दास इस्ट लेना, माइनं फ्रॉइंडिन.’ नाव आधी, नातं मागून. हा क्रम ठेवावा, कारण समोरच्याला पुढे तिच्याशी नावानेच बोलायचं असतं. इथे ‘लेबेन्सगफेर्टिन’ म्हटलं असतं तर तिशीच्या जोडप्याला ते उगाच पोक्त वाटलं असतं.

घरमालकाला तो वर सांगितल्याप्रमाणे पत्र लिहितो. तीच लेना, पण कागदावर ‘लेबेन्सगफेर्टिन’. यात खोटं काही नाही. पहिला शब्द नातं सांगतो, दुसरा शब्द एक घर-संसार आहे हे सांगतो, आणि घरमालकाला दुसऱ्याशीच कर्तव्य आहे.

दवाखान्यात नवीन रुग्ण म्हणून फॉर्म भरताना अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं हा रकाना येतो. तिथे लेनाचं नाव आणि फोन नंबर लिहून नात्यापुढे ‘पार्टनरिन’ लिहिणं ठीक. पण त्या रकान्यामुळे तिला निर्णयाचा हक्क मिळत नाही. फक्त फोन तिला येतो. हा फरक खूप जणांना प्रसंग आल्यावर कळतो.

चौथी ओळख सर्वांत अवघड: आई-बाबा नाशिकहून येतात. इथे दोन भाषांत दोन शब्द लागतात आणि दोन्ही बाजूंना पटतील असे हवेत. जर्मनमध्ये ‘माइनं फ्रॉइंडिन’ कायम ठेवायचं, कारण लेनाने तोच शब्द मान्य केला आहे. मराठीत ‘मैत्रीण’ म्हटलं तर आई-बाबा सोयीस्कर अर्थ घेऊन मोकळे होतील आणि चार दिवसांनी कोडं पडेल की ही मैत्रीण संध्याकाळी आपल्या घरी का जात नाही. ‘होणारी बायको’ म्हटलं तर आई तिथल्या तिथे मुहूर्ताचा विषय काढेल, आणि लेनाला कोणी भाषांतर करून सांगितलं तर तिच्या लक्षात येईल की अनिरुद्धने परस्पर तिचं लग्न लावलं. ‘जोडीदार’ हा शब्द मला यातल्या त्यात बरा वाटतो. तो वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींतून आलेला वाटला तरी त्यात बरोबरी आहे आणि लग्नाची सक्ती नाही. पण शब्द नेमका असला तरी विमानतळावर पहिल्यांदा ऐकवायचा नसतो. अनिरुद्धने ते यायच्या आधी फोनवर एक पूर्ण वाक्य सांगावं: ‘लेना आणि मी एकत्र राहतो, लग्नाचं अजून ठरलेलं नाही, ठरलं की आधी तुम्हाला सांगू.’ इतकं बोललं की पुढे कोणता शब्द वापरला याने फार बिघडत नाही.

लेनाच्या आई-वडिलांशी भेट झाली की आपली मंडळी लगेच ‘व्याही’ आणि ‘विहीणबाई’वर येतात. रोजच्या जर्मनमध्ये त्याला एक शब्द नाही. अनिरुद्धने फक्त ‘लेनाचे आई-वडील’ म्हणावं. आईने कौतुकाने ‘विहीणबाई’ म्हटलंच, तर भाषांतर करायचं की नाही हा त्याच्या धैर्याचा प्रश्न.

सातवी पायरी: दुसऱ्याने करून दिलेली ओळख ऐकताना

समोरच्याने जो शब्द वापरला, तोच आपण परत वापरायचा. त्याने ‘पार्टनरिन’ म्हटलं तर तुम्हीही ‘तुमच्या पार्टनरिन कशा आहेत?’ म्हणा, ‘तुमच्या बायको’ करू नका. आपल्याकडे लग्न झालेलं नसताना ‘वहिनी’ म्हणणं हा मायेचा प्रकार असतो. इथे ते नात्याला परस्पर बढती देणं होतं. उलट, एखादी बाई ‘माइनं फ्राउ’ म्हणाली तर तिचा अर्थ अगदी तोच आहे: तिची पत्नी. भाषा चुकली असेल म्हणून ‘म्हणजे तुमची मैत्रीण का?’ असं विचारू नका. तिने एक बिनचूक वाक्य म्हटलंय आणि तिला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावणं बरं नव्हे.

नातं संपलं असलं तर जर्मन सरळ ‘माइनं एक्स’ म्हणतात आणि पुढे बोलू लागतात. पुष्कळदा ती एक्स त्याच पार्टीत सॅलड वाढून घेत असते. हळहळ व्यक्त करायची गरज नसते.

सीमा ओलांडल्यावर

‘माझा’ आणि ‘एक’ यांचा हा खेळ एकट्या जर्मनचा नाही. नेदरलँड्समध्ये ‘मायन फ्रिंट’ म्हणजे बॉयफ्रेंड आणि ‘अन फ्रिंट फान मं’ म्हणजे मित्र. फ्रेंचमध्ये ‘अं कोपँ’ मित्र आणि ‘माँ कोपँ’ बॉयफ्रेंड. म्हणजे दुसरी पायरी पक्की असेल तर निम्मा युरोप पार पडतो. फ्रान्समध्ये दचकवणारा शब्द निराळाच आहे. सरकारी फॉर्मवर लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला ‘काँक्युबँ’ म्हणतात. बाई असेल तर ‘काँक्युबिन’. इंग्रजी शब्द आठवून आपल्याला ती शिवी वाटते, पण तिथल्या दिवाणी संहितेतली ती साधी संज्ञा आहे. चारचौघांत मात्र ती वापरत नाहीत, तिथे ‘काँपान्यों’ आणि ‘काँपान्य’ चालतात. फ्रान्समध्ये लग्न आणि नुसतं एकत्र राहणं यांच्या मधला एक नोंदणीकृत करार 1999 पासून आहे, त्याचं नाव ‘पाक्स’. तो करणारे कागदावर एकमेकांचे ‘पार्तनेर’ असतात. तेव्हा फ्रेंच कार्यालयात ‘पार्टनर’ हा शब्द सैलपणे टाकू नका. कारकून करार कधी झाला ते विचारेल.

स्वीडनने या बाबतीत सर्वांत व्यवहारी शब्द घडवला: ‘साम्बू’. एकत्र राहणारा किंवा राहणारी, दोघांनाही एकच शब्द, आणि ओळख करून देताना तो सहज चालतो: ‘हा माझा साम्बू.’ नातं आहे पण घरं वेगळी आहेत, अशांना ‘सॅर्बू’. मोठा होऊनही आईकडे राहणाऱ्याला चेष्टेने ‘माम्बू’ म्हणतात. त्या हिशोबाने निम्मं महाराष्ट्र माम्बू. जर्मनीहून मोठा फरक असा की साम्बू या नात्यावर तिथे निवास परवानाही मागता येतो, लग्न झालेलंच हवं असं नाही. पण त्याबरोबर जबाबदारी येते. 2003 सालच्या साम्बू कायद्याप्रमाणे, दोघांनी मिळून वापरायला म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान नातं तुटल्यावर एकाने मागणी केली की वाटून घ्यावं लागतं, पैसे कोणी का भरलेले असेनात. एकाने आधीच फक्त स्वतःसाठी म्हणून घेतलेलं घर त्यात येत नाही. ही वाटणी नको असेल तर दोघांनी तसा लेखी करार करून सह्या करायच्या असतात. सोफा आणि पलंग निवडायला दुकानात जाण्याआधी तो करार करणं सोपं जातं. नंतर तो विषय काढला की समोरच्याच्या मनात भलत्याच शंका येतात.